छायाचित्राखालच्या चार ओळी

पदवीदान समारंभाचे छायाचित्र घरी आले म्हणजे ते चौकटीत बसवून भिंतीवर लावावयाचे, आणि त्याखाली चार ओळी लिहावयाच्या, एवढेच काम असते. काम लहान आहे. परंतु ज्या घरात त्यापूर्वी कोणीच पदवी घेतलेली नाही, त्या घरातील मुलाने किंवा मुलीने ते हाती घेऊन पाहावे. मन इतके भरून आलेले असते की लेखणी पहिल्या मिळेल त्या शब्दांवर विसावते. ‘आई-वडिलांच्या आशीर्वादाने’, ‘त्यांच्या कष्टांचे चीज झाले’, ‘हे यश त्यांच्या चरणी अर्पण’ अशी वाक्ये आपोआप उतरतात. ती खोटी नसतात. तथापि, वाचकहो, एक साधी परीक्षा करून पाहा. ते वाक्य तेथून उचलून शेजारच्या घरातील छायाचित्राखाली ठेवा. तेथेही ते तितकेच शोभत असेल, तर ते आपल्या आई-वडिलांविषयी अजून काहीच बोललेले नाही असे समजावे.

माझे छायाचित्र फेब्रुवारी २०२४ मधील आहे. मध्यभागी मी आहे. अंगात काळा झगा, हातात पदवीपत्राची गुंडाळी. झगा अनामत रक्कम भरून एका दिवसापुरता घेतलेला होता आणि सायंकाळपूर्वी परत करावयाचा होता. माझ्या उजव्या बाजूस आई, डाव्या बाजूस वडील. माझी काळी टोपी वडिलांच्या डोक्यावर आहे, आणि त्यांची स्वतःची पांढरी टोपी त्यांनी घडी करून हातात धरली आहे. आईचा उजवा हात पदराखाली आहे. छायाचित्र एवढे सांगते आणि येथे थांबते. पदराखालच्या हातावर कापडाच्या चिंध्या बांधलेल्या होत्या, हे त्याला सांगता येत नाही. चिंध्या का बांधल्या होत्या, हे तर मुळीच सांगता येत नाही. जे डोळ्यांना दिसते ते पुन्हा शब्दांत लिहिण्यात अर्थ नाही. जे दिसत नाही तेवढेच खालच्या ओळींनी सांगावयाचे असते.

आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत आहे. जमीन हलकी, पाऊस थोडा. पावसाळ्याचे पीक निघाले की पुढे गावात काम उरत नाही. म्हणून दसरा-दिवाळी झाली की गावातील बहुतेक तरुण जोडपी ऊस तोडावयास बाहेर पडतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जातात, कोणी सीमेपलीकडे कर्नाटकात बेळगावच्या बाजूस. साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात तोवर, म्हणजे साधारण चैत्रापर्यंत, त्यांचे घर म्हणजे फडाजवळची पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. जे वाचक ऊस पिकणाऱ्या मुलखापासून दूर राहतात, त्यांना या धंद्यातील एक शब्द सांगितला पाहिजे, कारण माझ्या चार ओळी पुढे त्याच शब्दाभोवती फिरल्या. तो शब्द म्हणजे ‘कोयता’.

कोयता हे ऊस तोडण्याचे हत्यार होय. परंतु मुकादमाच्या वहीत ते माणसे मोजण्याचे माप आहे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. हंगामापूर्वी मुकादम प्रत्येक कोयत्याला आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. आणि पुढे जितके टन ऊस तुटेल तितकी मजुरी त्या उचलीतून वळती होत जाते. पुरुष उसाच्या बुडाशी वाकून घाव घालतो. बाई पाचट सोलते, ऊस गोळा करते, वाढ्यांच्या दोराने मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहून नेते. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. बोटांना चिंध्या बांधतात त्या यासाठी. पहाटेपूर्वी सुरू झालेले हे काम दिवस मावळेपर्यंत चालते, आणि रात्री गाडी भरावयास आली तर पुन्हा उठावे लागते. एका जोडप्याने दिवसाकाठी दोन टनांच्या आसपास ऊस तोडला म्हणजे दिवस बरा गेला. आजारपणाने किंवा इतर कारणाने एक दिवस चुकला तर त्याला खाडा म्हणतात. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, शिवाय वर दंडाची रक्कम हिशेबात चढते.

आता त्या वहीकडे पुन्हा पाहा. उचल वडिलांच्या नावाने लिहिलेली, हिशेब वडिलांच्या नावाने मिटलेला. आईचे नाव त्यात कोठेच नाही. तिने वाहिलेली प्रत्येक मोळी त्या एका कोयत्यात जमा झाली आहे. ती स्वतः मात्र नाही. वडिलांचा यात काही दोष नव्हता. वही लिहिण्याची रीतच तशी होती. परंतु ‘आई-वडिलांचे कष्ट’ असे दोन शब्द एकत्र लिहून मी मोकळी झाले असते, तर माझ्या ओळींनीही त्या वहीचीच रीत चालविली असती.

कष्ट हा शब्द दुसऱ्याही एका कारणाने अपुरा पडत होता. आमच्या गावात ऊस तोडणारी सगळीच जोडपी कष्ट करतात. जी मुले त्यांच्याबरोबर फडावर गेली आणि शाळेतून कायमची सुटली, त्यांच्या आई-वडिलांनी माझ्या आई-वडिलांपेक्षा काडीइतकेही कमी कष्ट केलेले नाहीत. मग मला पदवीपर्यंत नेणारी गोष्ट कोणती? ती शोधावयाची तर शाळेचे वर्ष आणि उसाचे वर्ष शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागते. शाळा जूनमध्ये उघडते. मुले पहिले सत्र नीट शिकतात. दिवाळीची सुटी लागते, त्याच सुमारास टोळ्या गाव सोडतात. दुसरे सत्र नोव्हेंबरात सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालते, आणि टोळ्या परततात त्याही मार्च-एप्रिलमध्येच. म्हणजे आई-वडिलांबरोबर गेलेले मूल दरवर्षी नेमके अर्धे वर्ष गमावते, आणि तेही वार्षिक परीक्षेचे अर्धे. दोन-तीन वर्षे असे झाले की ते वर्गात परत आले तरी पुस्तकात परत येत नाही. अशा मुलांसाठी फडाजवळ साखरशाळा निघाल्या, गावोगावी हंगामी वसतिगृहे निघाली, आणि त्यांमुळे काही मुले टिकली. परंतु सहा वर्षांच्या मुलीला पाच महिने मागे ठेवावयाचे म्हणजे रात्री तिला कोणाच्या कुशीत निजवावयाचे, हा प्रश्न घरालाच सोडवावा लागतो.

आमच्या घरी तो आजीने सोडविला. मी जून २००८ मध्ये पहिलीत गेले. त्या दिवाळीनंतर आई-वडील निघाले तेव्हा मला बरोबर घेण्याऐवजी आजीजवळ ठेवले. पुढे दहा वर्षे शाळेची, दोन बारावीपर्यंतची, तीन महाविद्यालयाची. २०२३ मध्ये मी शेवटची परीक्षा दिली, तोपर्यंत त्यांचे पंधरा हंगाम झाले होते. सगळे हंगाम सारखे नसतात. दुष्काळात ऊस कमी असला की चार महिन्यांतच टोळ्या परततात. उलट २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा ते कारखान्याच्या तळावरच अडकले आणि शासनाने परवानगी दिल्यावर एप्रिलच्या उत्तरार्धात गावी आले. सरासरी पाच महिने धरले तर पंधरा हंगामांचे पंचाहत्तर महिने होतात. पंचाहत्तर महिने म्हणजे सव्वासहा वर्षे.

हा आकडा मी कागदावर मांडला तेव्हा मला माझी ओळ सापडली. पंधरा वर्षांच्या माझ्या शिक्षणापैकी सव्वासहा वर्षे त्यांनी आपली मुलगी पाहिली नाही. तिची शाळा चुकू नये म्हणून. कष्ट त्यांनी तसेही केलेच असते. हे मात्र त्यांनी माझ्यासाठी म्हणून केले, आणि याची नोंद कोणत्याही वहीत नव्हती.

दुसरा शब्द होता ‘पहिली पदवीधर’. तो लिहावा असा सर्वांचाच आग्रह होता, आणि तो खराही आहे. काही राज्यांत या शब्दाला कायद्याचेही वजन आहे. तमिळनाडूत २०१०-११ पासून घराण्यातील पहिल्या पदवीधराला व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कात सवलत मिळते आणि त्यासाठी तसा सरकारी दाखला घ्यावा लागतो. परंतु दाखल्यावर जो शब्द पात्रता सांगतो, तोच भिंतीवर गेला की थोडी मान ताठ करतो. ‘घराण्यातील पहिली’ असे वाचणाऱ्याला वाटावे की आधीच्या पिढ्यांत कोणाला बुद्धी नव्हती वा इच्छा नव्हती. माझी आई तिसरीपर्यंत शिकली. तिला पाढे अजून तोंडपाठ येतात, आणि गाडीत किती मोळ्या चढल्या याचा तोंडी हिशेब ती मुकादमाच्या आधी करते. तिसरीच्या दिवाळीत तिची आई तिला धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी फडावर घेऊन गेली, आणि चैत्रात ती परतली तेव्हा अक्षरे तिच्यापासून लांब गेली होती. तिला मागे ठेवून घेणारी आजी तिच्या घरी नव्हती, एवढाच तिच्यात आणि माझ्यात फरक. म्हणून मी ‘पहिली’ हा शब्द ठेवला, पण त्याच्या शेजारी आईची तिसरी आणि वडिलांची चौथी लिहिली. मग तो शब्द मोठेपणाचा राहत नाही. आमच्या घरातील शिक्षण कोठपर्यंत येऊन थांबले होते आणि तेथून पुढे कसे गेले, ते तो सांगू लागतो.

येथपर्यंत लिहून झाल्यावर मी ते दोघांना वाचून दाखविले. ज्यांचे आभार मानावयाचे त्यांना विचारल्यावाचून ते मानू नयेत, असे मला वाटते. आपण कृतज्ञतेच्या भरात त्यांची गरिबी भिंतीवर टांगतो, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर ती त्यांना पुन्हा सोसावी लागते. माझ्या कच्च्या मसुद्यात उचलीची रक्कम होती. वडील म्हणाले, “ऊस तोडला ते लिही. त्याची लाज नाही. पण कर्ज कशाला लिहितीस? ते फिटलं.” मी ती ओळ काढली.

दुसरी गोष्ट आईने काढावयास लावली, आणि ती मला फार जवळची होती. मी सोळा वर्षांची असताना नात्यातील एका कुटुंबाने मला मागणी घातली होती. आमच्या भागात अशा मागणीमागे पुष्कळदा व्यवहार असतो: मुलाचे लग्न झाले की तो अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो आणि नव्या जोडप्याला पूर्ण उचल मिळते. कायद्याने मुलीचे वय अठरा पूर्ण हवे. तरी फडावरच्या कोपीत वयात आलेली मुलगी ठेवण्याची भीती आणि मागे एकटी ठेवण्याची काळजी या दोहोंपायी आई-बाप वाकतात. माझे आई-वडील वाकले नाहीत. त्यांनी ‘नाही’ म्हटले, आणि त्यानंतरची दोन वर्षे त्या घराने आमच्याशी बोलणे टाकले. मी लिहिले होते, ‘त्यांनी एकदा नाही म्हटले म्हणून’. आई ऐकून थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ते नको, बाई. ते आता येतात-जातात आपल्याकडं. त्यांनी वाचलं तर त्यांना खाली मान घालावी लागंल.” खरे तर तिने मला दिलेल्या सगळ्यांत मोठ्या गोष्टींपैकी ती एक होती, पण ती भिंतीवर नाही. येथे मी ती सांगितली, तीही तिला विचारून आणि कोणाचे नाव न घेता.

मग नावांचा प्रश्न आला. आई म्हणाली, “माझं नाव कशाला? त्यांचं लिहिलं की झालं.” वहीतील रीत तिच्याही अंगवळणी पडली होती. मी तिला सांगितले की मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला आहे, की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहावयाचे. माझा जन्म त्यापूर्वीचा, तेव्हा माझ्या कागदांना तो नियम लागू नाही. परंतु आपल्या घरच्या भिंतीवर कोणता क्रम ठेवावा हे आपणच ठरवावयाचे असते. तिने विचारले, “माझं माहेरचं नाव की सासरचं?” लग्नात तिचे नाव बदललेले होते. मी म्हणाले, तू सांगशील ते. तिने दोन्ही सांगितली, आणि दोन्ही लिहिली.

आजी त्या छायाचित्रात नाही. समारंभापूर्वीच ती गेली. छायाचित्राखालच्या मजकुरात डावीकडून उजवीकडे उभ्या असलेल्यांची नावे देण्याची पद्धत आहे. जे चौकटीबाहेर राहिले त्यांच्यासाठी तिच्यात जागा नसते. पण पहिल्या पिढीचा पदवीधर सहसा अशाच एखाद्या माणसाच्या आधारावर उभा असतो, जो छायाचित्राच्या दिवशी हजर नसतो. म्हणून शेवटची ओळ तिची.

लिहिण्याच्या रीतीविषयीही दोन शब्द सांगतो, कारण पुष्कळ घरांत ही छायाचित्रे त्यापायी बिघडतात. आजकालच्या रंगीत छायाचित्राचा कागद दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा मुलामा दिलेला असतो. त्याच्या पाठीवर साध्या शाईने लिहिले तर ती वाळत नाही आणि वर ठेवलेल्या दुसऱ्या छायाचित्रावर उमटते. बॉलपेन दाबून लिहिले तर अक्षरांचे वळ पुढच्या बाजूस, नेमके चेहऱ्यांवर दिसतात. म्हणून मजकूर छायाचित्रावर लिहूच नये. चौकट करणाऱ्याला सांगून खालच्या बाजूस दोन इंच रुंदीचा जाड पांढरा कागद सोडावा आणि त्यावर लिहावे. त्या पट्टीत हातभर अंतरावरून वाचता येतील अशा अक्षरांत चाळीस-पन्नास शब्द मावतात, आणि तेवढेच पुरेसे असतात. तारीख, ठिकाण आणि सर्वांची पूर्ण नावे वेगळ्या कागदावर लिहून तो चौकटीच्या मागे चिकटवावा. पुढच्या पिढीला चेहरे ओळखू येत नाहीत तेव्हा तोच कामी येतो. चौकट समोरच्या उन्हाच्या भिंतीवर लावू नये, रंग लवकर उडतात.

आमच्या पट्टीवर अखेर जे लिहिले गेले ते असे. नावांच्या जागा येथे मोकळ्या सोडल्या आहेत. भिंतीवर ती पूर्ण आहेत.

‘आई — (तिसरी) आणि वडील — (चौथी). यांनी २००८ ते २०२३ असे पंधरा हंगाम ऊस तोडला, आणि माझी शाळा चुकू नये म्हणून त्यांतील पंचाहत्तर महिने मला न पाहता काढले. तेवढे महिने मला आजी — हिने सांभाळले. ही पदवी त्या महिन्यांची आहे. — घरातील पहिली पदवीधर.’

चौकट लावून झाल्यावर मी ते एकदा मोठ्याने वाचले. वडिलांनी पंधरा हंगाम बोटांवर मोजून पाहिले, कारखान्यांची नावे घेत. एका वर्षापाशी ते अडले, तेव्हा आईने ते वर्ष कोठे गेले ते सांगितले, आणि आकडा बरोबर भरला. मग तिने मला विचारले, यातले माझे नाव कोणते. मी बोट ठेवून दाखविले. तिसरीत सुटलेली अक्षरे तिने एकेक करून जुळविली, आधी माहेरचे नाव, मग सासरचे. आणि दोन्ही वाचून होईपर्यंत आम्ही कोणीच काही बोललो नाही.